मड, मोलॅसिस आणि एकच ‘मळी’

प्रश्न: ‘साखर कारखान्याचं इंग्रजी मॅन्युअल हंगामी ऑपरेटरांसाठी मराठीत करतोय. कामगार निपाणी, चिक्कोडी, रायबाग भागातले. क्लॅरिफायरमधल्या मडला मळी लिहिलं, पुढे मोलॅसिसलाही मळीच लिहावं लागतंय. दोन्हीकडे चालेल का? की मोलॅसिसला काकवी म्हणू?’

दोन्हीकडे चालणार नाही, आणि माझं मत विचाराल तर या मॅन्युअलमध्ये मळी हा शब्द एकदाही येऊ नये. शब्द चांगला आहे, पण तुमच्या वाचकाच्या डोक्यात तो आधीच दोन अर्थांनी बसलेला आहे.

पहिला अर्थ गुऱ्हाळातला. काहिलीत रस तापला की घाण फेसाबरोबर वर येते, भेंडीचा चिकट रस टाकला की ती गोळा होते आणि झाऱ्यानं काढून टाकतात. ती मळी. त्याच धाग्यानं कारखान्यातून शेतात खत म्हणून येणाऱ्या काळ्या, भुसभुशीत प्रेसमडलाही शेतकरी मळी म्हणतो. दुसरा अर्थ वर्तमानपत्रातला आणि उत्पादन शुल्काच्या मराठी कागदांतला: मळीपासून इथेनॉल, मळीची वाहतूक. तिथे मळी म्हणजे मोलॅसिस. चारचौघांत बोलताना संदर्भानं भागतं, पण रात्रपाळीत पंपाशेजारी उभं राहून वाचायच्या ओळीत भागत नाही.

आकड्यांतून हा घोळ नीट दिसतो. रोज 5,000 टन गाळप करणारा कारखाना धरा. प्रेसमड उसाच्या साधारण साडेतीन टक्के धरला तर दिवसाला 175 टन होतो. मोलॅसिस साडेचार टक्के धरलं तर 225 टन. दोन्ही आकडे इतके जवळ आहेत की पाळीच्या नोंदवहीत ‘मळी 200 टन’ लिहिलेलं दिसलं तर नुसत्या आकड्यावरून काय मोजलं ते कुणीच सांगू शकणार नाही. एक माल शेताला किंवा कंपोस्टला जातो, दुसरा डिस्टिलरीला, आणि दुसऱ्याचा किलोकिलोचा हिशोब द्यावा लागतो.

मग क्लॅरिफायरमधल्या मडला काय म्हणायचं? मी ‘गाळ’ लिहीन. कारण नुसतं सोपेपणाचं नाही. गुऱ्हाळात मळी वर तरंगते, क्लॅरिफायरमध्ये मड खाली बसतो. मिश्र रस सत्तर-पंचाहत्तर अंशांपर्यंत तापवून त्यात चुना आणि गंधकाचा धूर घातला, सामू सातच्या आसपास आणला, पुन्हा शंभराच्या थोडं वर तापवला आणि फ्लॅश टाकीत त्यातली हवा सोडली, की घाणीच्या गुठळ्या जड होऊन तळाला जातात आणि वरून निवळ रस वाहतो. रस आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण दोन-अडीच तास जातात. ज्याच्या डोळ्यांसमोर काहील आहे तो ‘मळी वाढली का पाहा’ हे वाचून वरचा पृष्ठभाग बघेल. ‘गाळ वाढला का पाहा’ म्हटलं की मान आपोआप खाली जाते. पाहायचंही तिथेच असतं: क्लॅरिफायरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत नमुन्याचे कॉक असतात, ते वरून एकेक उघडून काचेच्या ग्लासात रस धरायचा. ज्या कॉकला रस गढूळ येऊ लागला, तिथपर्यंत गाळ चढला आहे.

वर काही तरंगताना दिसलंच, तर क्लॅरिफायरमध्ये ते बिघाडाचं लक्षण आहे आणि त्याला वेगळं नाव हवं. मी ‘तरंगता गाळ’ म्हणेन. हा दोन कारणांनी होतो. फ्लॅश टाकीत हवा पुरती सुटली नाही, तर बुडबुडे गुठळ्यांना चिकटून त्यांना वर ओढतात. किंवा गाळ तळाला फार वेळ पडून राहिला, म्हणजे गिरणी थांबली आणि गाळ कुणी काढलाच नाही, तर तो आंबतो, त्यात वायू धरतो आणि तळचे थर वर उचलले जातात. आंबट वास येतो, सामू उतरतो, निवळ रस गढूळ होतो. तीच घाण पुढे इव्हॅपोरेटरच्या नळ्यांत थर होऊन बसते. साखर फुटते ते नुकसान वेगळंच.

हे सगळं मूळ इंग्रजीत बहुधा दीड ओळीत असेल. मी ते असं लिहीन:

‘गाळाची पातळी दर तासाला कॉकवरून पाहा. वरून तिसऱ्या कॉकला रस गढूळ आला तर गाळाचा पंप वाढवा. गिरणी थांबली तरी गाळ काढणं थांबवू नका.’

तिसरा कॉक हे उदाहरण आहे. तुमच्या क्लॅरिफायरचा कुठला ते चीफ केमिस्टला विचारूनच घाला.

गाळ फिल्टरवर गेला, त्यात बारीक भुसा मिसळला, ड्रमवर थर धरून पाण्यानं धुतला गेला आणि पट्टीनं खरवडून खाली पडला, की तिथून पुढे त्याला ‘प्रेसमड’ म्हणा. फिल्टरच्या आधी गाळ, नंतर प्रेसमड. नाव बदललं की ऑपरेटरला कळतं की यातला रस आता काढून झालाय. प्रेसमडमध्ये साखर जास्त सापडली तर चूक धुण्यात किंवा थराच्या जाडीत शोधायची, हेही त्या दोन नावांमुळे सांगायला सोपं जातं.

आता काकवी. कृपा करून नको. काकवी म्हणजे गूळ होण्याआधी उतरवलेला दाट पाक, भाकरीशी खायचा. मोलॅसिस म्हणजे साखर काढून काढून शेवटी ज्यातली साखर दाणा धरत नाही ते काळं, क्षारांनी भरलेलं उरलंसुरलं. तरीही काकवी का सुचते, ते मला कळतं. कन्नडमध्ये मोलॅसिसला काकंबी म्हणतात, आणि आपल्याकडे कारखान्याच्या टाकीवर, टँकरच्या कागदावर तो शब्द रोज दिसतो. ऐकायला काकवी आणि काकंबी सख्ख्या बहिणी, पण कन्नड कागदातली काकंबी आणि आपल्या ताटातली काकवी या दोन वस्तू आहेत. मराठीत सरळ ‘मोलॅसिस’ लिहा. ‘बी हेवी मोलॅसिस’ हे कामगार एरवीही तसंच म्हणतात, त्यामुळे जोडशब्दही अडत नाहीत. टाकीच्या पाटीवर मात्र ‘मोलॅसिस – काकंबी’ अशी दोन्ही नावं शेजारी रंगवून घ्या.

जाता जाता आणखी एक जागा सांभाळा. चुन्याच्या टाकीला ‘चुन्याची निवळी’ लिहू नका. निवळी म्हणजे चुना खाली बसल्यावर वर राहिलेलं स्वच्छ पाणी, पण रसात घालायचं असतं ते चुना तरंगत ठेवलेलं पांढरं, दाट पाणी. ‘चुन्याचं दूध’ लिहा आणि खाली एक ओळ घाला: ढवळणी बंद पडली तर चुना तळाला बसतो, पातळ पाणी जातं आणि सामू चढत नाही.