हेगेलच्या नावावरचा त्रिकोण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : थीसिस, अँटिथीसिस, सिंथेसिस हे हेगेलचं सूत्र आहे ना? नेटच्या परीक्षेत तसंच लिहू?

नाही. हेगेलने आपल्या पद्धतीला हे नाव कधी दिलं नाही. मात्र उत्तरतालिका काय धरते हा वेगळा मुद्दा आहे. जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन तुमच्या शिक्षकांकडे एकदा जा.

प्रश्न : मग हे शब्द आले कुठून? आमच्या पाठ्यपुस्तकात 'वाद, प्रतिवाद, सुसंवाद' थेट हेगेलच्या नावावर आहेत.

यातले पहिले दोन शब्द कांटकडे भेटतात. १७८१च्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथात त्याने चार विरोध मांडले आणि प्रत्येकाच्या दोन बाजूंना थीसिस आणि अँटिथीसिस म्हटलं. जगाला काळात आरंभ आहे, ही एक बाजू. आरंभ नाही, ही दुसरी. दोन्हींच्या सिद्धता तो शेजारीशेजारी ठेवतो. पण पुढे तो त्यांचा मेळ घालत नाही. या विरोधात दोन्ही बाजू चुकीच्या आहेत असं तो म्हणतो, कारण 'संपूर्ण जग' ही वस्तू आपल्या अनुभवाला कधी मिळतच नाही. स्वातंत्र्य आणि निसर्गनियम यांच्या विरोधात मात्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या अर्थाने खऱ्या असू शकतात.

तिन्ही शब्दांची जोडणी केली ती फिश्टेने, १७९४-९५मध्ये. 'मी' स्वतःला प्रस्थापित करतो. 'मी'च्या विरोधात 'न-मी' उभा राहतो. दोघेही पूर्ण असतील तर एकमेकांना पुसून टाकतील, म्हणून दोघेही एकमेकांना अंशतः मर्यादित करतात. तिसरं पाऊल ही त्याची सिंथेसिस. त्या मर्यादेत पुन्हा नवे विरोध सापडतात आणि काम पुढे चालू राहतं. एक गोष्ट लक्षात ठेवा : फिश्टेचं दुसरं तत्त्व पहिल्यातून निघत नाही. विरोध ही स्वतंत्र, नव्याने केलेली कृती आहे. हेगेलपासूनचा फरक इथेच आहे : त्याच्याकडे विरोध दाव्याच्या आतूनच निघतो.

हेगेल १८३१मध्ये वारला. १८३७मध्ये खालिबॉयस नावाच्या प्राध्यापकाने कांट ते हेगेल असा इतिहास सोपा करून लिहिला, आणि त्या पुस्तकाने हे त्रिक हेगेलशी जोडून लोकप्रिय केलं. १८४७मध्ये मार्क्सने प्रुधाँ या फ्रेंच विचारवंतावर टीका करताना हेच तीन शब्द वापरले. पुढचं काम पाठ्यपुस्तकांनी केलं.

प्रश्न : एम.ए.च्या सेमिनारसाठी हेगेलचं 'चैतन्याचं आविष्कारशास्त्र' वाचतो आहे. प्रत्येक प्रकरणातली थीसिस, अँटिथीसिस आणि सिंथेसिस शोधून तक्ता करायचा आहे. पहिल्याच प्रकरणात अडलो. 'आता रात्र आहे' ही थीसिस आणि 'आता दिवस आहे' ही अँटिथीसिस धरली तर सिंथेसिस कोणती?

कोणतीच नाही. तुम्ही अडलात ते बरं झालं, कारण तक्ता भरला गेला असता तर प्रकरण वाचलंच गेलं नसतं. याच चुकीची पत्रं मला सर्वांत जास्त येतात आणि मला त्याची खरी काळजी वाटते.

त्या प्रकरणात काय घडतं ते ओळीने पाहा. एक जाणीव दावा करते की सर्वांत श्रीमंत, सर्वांत खरं ज्ञान म्हणजे समोरचं 'हे', इथे आणि आता, कोणताही विचार न मिसळता. हेगेल बाहेरून दुसरा सिद्धान्त आणून तिच्याशी भांडत नाही. तो तिलाच विचारतो : 'आता' म्हणजे काय? ती म्हणते, आता रात्र आहे. ठीक, हे लिहून ठेवू. सत्य लिहिल्याने बिघडत नाही. दुपारी कागद पुन्हा पाहिला तर वाक्य शिळं झालेलं असतं. 'आता' टिकला, पण तो रात्रही नाही आणि दिवसही नाही. म्हणजे जाणिवेला म्हणायचं होतं अगदी विशिष्ट, आणि तिच्या हाती आलं ते सर्वांना लागू पडणारं सामान्य. विरोध रात्र आणि दिवस यांच्यात नाहीच. तो तिचा दावा आणि तिचा स्वतःचा अनुभव यांच्यात आहे.

मग ती दावा सरकवते. सत्य वस्तूत नाही, माझ्यात आहे. मला झाड दिसतं म्हणून 'इथे' झाड आहे. पण दुसऱ्या 'मी'ला घर दिसतं, आणि 'मी'सुद्धा कुणालाही लागू पडणारा निघतो. तिसऱ्यांदा ती बोलणं सोडून फक्त बोट दाखवते. दाखवेपर्यंत तो क्षण गेलेला असतो; दाखवणं हीच अनेक 'आतां'मधून जाणारी हालचाल ठरते. म्हणजे तिसरा प्रयत्नही पहिल्या दोघांचा मेळ घालत नाही, तोही फसतो. तक्त्यात तिसरा रकाना भरायचा म्हणून त्याला सिंथेसिस म्हणणं हे मजकुराविरुद्ध आहे.

हाती काहीच उरत नाही असंही नाही. या विशिष्ट अपयशातून विशिष्ट निष्कर्ष निघतो : जे कळतं ते अनेकांना सामावणारं सामान्य आहे. म्हणून पुढच्या प्रकरणात नवा विषय येतो, अनेक गुणांची एक वस्तू. तिथे मिठाचं उदाहरण आहे : पांढरं, खारट, घनाकार, तरीही एकच. आता कसोटी याच वस्तूची लागते.

१८०७च्या याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत हेगेल तीन पायऱ्यांच्या निर्जीव साच्यावर सडकून टीका करतो. कोणत्याही विषयावर तयार साचा लावणं म्हणजे ज्ञान नव्हे, हा त्याचा आक्षेप आहे. तीन टप्प्यांच्या रचना त्याच्याकडे भरपूर आहेत, हे नाकारू नये. पण 'तर्कशास्त्रा'च्या शेवटच्या प्रकरणात तोच म्हणतो की मोजायचंच असेल तर टप्पे तीनऐवजी चारही मोजता येतील.

तक्ता फाडा. प्रत्येक प्रकरणासाठी तीन प्रश्न लिहा : दावा काय, तो स्वतःच्याच कसोटीवर कुठे मोडतो, मोडल्यावर नेमकं काय हाती येतं. तुमची उत्तरं मार्गदर्शकांना दाखवल्याशिवाय सेमिनारला उभे राहू नका.

प्रश्न : काका म्हणतात, सिंथेसिस म्हणजे दोन्ही बाजूंचं चांगलं तेवढं घेऊन काढलेला सुवर्णमध्य. बरोबर?

चूक, आणि ऐकीव. हेगेलच्या 'तर्कशास्त्रा'ची सुरुवात पाहा. शुद्ध असणं, ज्याला एकही गुण नाही. त्याचा विचार करू गेलं तर विचाराला धरायला काही सापडत नाही. ते नसणंच निघतं. आणि हे नसणंही तितकंच गुणहीन, म्हणून तेही असण्याहून वेगळं सांगता येत नाही. एक दुसऱ्यात विरून जाणं हीच होण्याची हालचाल. यात अर्धं असणं आणि अर्धं नसणं अशी वाटणी कुठे आहे? शिवाय 'होणं'ही टिकत नाही, त्यातून निश्चित असणं पुढे येतं. काकांना हेगेलच्याच 'एन्सायक्लोपीडिया'चे परिच्छेद ७९ ते ८२ वाचायला द्या, शक्यतो कुणा जाणकारासोबत.

प्रश्न : एका क्लासच्या नोट्समध्ये जर्मन चिद्वाद एका पानात, त्रिकोणाच्या आकृतीसह दिला आहे. विकत घेऊ का?

नको. कांट, फिश्टे आणि हेगेल यांना एकाच आकृतीत बसवणारी नोट म्हणजे तिघांपैकी एकालाही न वाचता विकलेला माल. तेवढ्या पैशांत मूळ प्रकरणाच्या झेरॉक्स निघतील. कोणतं भाषांतर घ्यायचं ते विभागात विचारा.

प्रश्न : 'हेगेलची त्रिसूत्री आणि मार्क्स' हा माझा लघुप्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचा आहे. मार्गदर्शकांना अजून मसुदा दाखवलेला नाही. शीर्षक चालेल का?

शीर्षक चालणार नाही, आणि मसुदा दाखवायला आधीच उशीर झाला आहे. १८७३मध्ये 'भांडवल'च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणीत मार्क्स म्हणतो की हेगेलकडे डायलेक्टिक, म्हणजे विरोधविकासाची पद्धत, डोक्यावर उभी आहे. तिथे तो डायलेक्टिकबद्दल बोलतो, तीन शब्दांच्या सूत्राबद्दल नाही. 'त्रिसूत्री'च्या जागी 'विरोधविकास' घाला आणि ज्या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद त्या सूत्रावर उभा आहे ते वेगळं काढा. ते दुरुस्त करायचं की गाळायचं हे मी पत्रातून ठरवू शकत नाही. उद्याच मार्गदर्शकांची वेळ घ्या.