लोखंडी कपाटातला आणि टीव्हीमागचा राउटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलांचा हात लागू नये म्हणून राउटर लोखंडी कपाटात ठेवला आहे. खोलीत कसेबसे चालते, ओसरीवर मात्र काहीच येत नाही. लाइनच खराब आहे का? (वाचक, दारव्हा)

उत्तर : आधी कपाटाचे दार उघडून राउटरपासून चार-पाच फुटांवर मोबाइलने वेग तपासा. तिथे तुमच्या प्लॅनच्या जवळपास वेग मिळाला, तर लाइन ठीक आहे. वायफायच्या लहरी लोखंडी पत्र्यातून आरपार जात नाहीत, त्यावर आदळून परत फिरतात. खोलीत जे थोडेफार मिळते, ते बहुतांशी दाराच्या फटींतून बाहेर आलेले असते.

खात्री करायची असेल, तर सिग्नल मोजणारे एखादे ॲप मोबाइलवर घ्या. त्यात dBm या एककात उणे आकडा दिसतो आणि तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. ओसरीवर एकाच जागी उभे राहून, आधी दार बंद ठेवून आणि मग राउटर बाहेर काढून, हा आकडा पाहा. समजा, उणे ८५ चा उणे ६५ झाला, तर मोबाइलपर्यंत पोहोचणारी शक्ती शंभर पट वाढली, कारण दर १० अंकांना ती दहा पट होते. उणे ८० च्या खाली व्हिडिओ कॉल तुटतो, तर उणे ६७ किंवा त्याहून चांगल्या आकड्यावर तो सहसा नीट चालतो.

मात्र राउटर कपाटाच्या डोक्यावर ठेवू नका. खालचा पत्रा तिथेही आड येतो, शिवाय टिनाचे छत असेल तर आपल्याकडच्या मे महिन्यात ती घरातली सर्वांत तापलेली जागा असते, आणि घरगुती राउटर बहुधा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात. ओसरीकडे उघडणाऱ्या दाराजवळ, पाच-सहा फूट उंचीवर लाकडी फळी ठोकून तीवर राउटर ठेवा. जाड मातीच्या भिंतीऐवजी लहरींना दारातून वाट मिळेल आणि लहान मुलांचा हातही पोहोचणार नाही.

प्रश्न : आमचा राउटर टीव्हीच्या मागे खिळ्याला टांगला आहे. तो हलवायला हवा का? (वाचक, चिमूर)

उत्तर : होय. टीव्हीच्या आत धातूचे पत्रे असतात, त्यामुळे समोर बसलेल्यांच्या बाजूलाच आडोसा होतो. राउटर टीव्हीच्या कडेपासून दीड-दोन फूट बाजूला घेतला, तरी बऱ्याचदा पुरते. हलवताना फायबरची बारीक वायर जपा. ती ओढू नका, दुमडू नका, आणि गुंडाळी चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान करू नका. हलवल्यानंतर LOS चा दिवा लाल झाला, तर वायर दुमडली आहे किंवा निसटली आहे असे समजून आधी तीच पाहावी.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलर लावला की आतल्या खोलीत वायफाय मंदावते. असे का?

उत्तर : कूलरचा पत्रा लहरी अडवतो आणि टाकीतले पाणी त्या शोषून घेते. राउटर आणि तुमची बसायची जागा यांच्या सरळ रेषेत कूलर येणार नाही, अशा भिंतीवर राउटर न्या.