भाडेवाढीचे पत्र लिहिताना

आपला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार 31 ऑक्टोबरला संपत असेल, तर भाडेवाढीचे पत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच भाडेकरूच्या हाती पडावे, कारण वाढ न पटल्यास त्यांना दुसरे घर शोधायला आणि आपल्याला दुसरा भाडेकरू पाहायला वेळ लागतो.

पत्रात सध्याचे भाडे 18,000 रुपये, नवे 19,000 रुपये आणि ते 1 नोव्हेंबरपासून, असे आकडे स्पष्ट लिहावेत. ‘महागाई वाढली’ हे कारण मला फार लंगडे वाटते. त्याऐवजी सोसायटीचा मासिक देखभाल खर्च 2,200 वरून 2,750 रुपये झाल्याचे लिहून बिलाची प्रत जोडावी आणि उरलेले 450 रुपये परिसरातील चालू भाड्यांमुळे आहेत, हे प्रांजळपणे सांगावे.

उत्तरासाठी 25 सप्टेंबरपर्यंत मुदत द्यावी. ‘उत्तर न आल्यास संमती समजू’ असे मात्र लिहू नये. मौनावर नवा करार उभा राहत नाही, महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. मी एकदा तोंडी होकारावर विसंबून नोव्हेंबरचे भाडे घेतले, आणि भाडेकरूंनी जुनीच रक्कम पाठवली.