‘अंतर्गत’ म्हणजे नेमकं कशाच्या आत?

प्रश्न: ‘अंतर्गत परतावा दर’ यातलं ‘अंतर्गत’ म्हणजे कंपनीच्या आतला का? आणि ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वेगळं उत्तर देत असेल तर कोणाचं ऐकायचं?

‘योजनेअंतर्गत’ वाचून वाचून आपल्याला ‘अंतर्गत’ म्हणजे ‘खाली’ वाटू लागलंय. इथे शब्द त्याच्या मूळ अर्थाने, ‘आतला’ म्हणून आलाय. मात्र तो कंपनीच्या आतला नव्हे, त्या प्रकल्पाच्या आकड्यांच्या आतला. पैसे किती घातले, कधी घातले, किती आणि कधी परत आले, एवढ्यावरूनच हा दर निघतो. बँकेचं व्याज काय, हे त्याला विचारावंच लागत नाही.

निव्वळ वर्तमान मूल्याला मात्र बाहेरचा दर लागतो. हुंडी वटवताना पुढच्या तारखेच्या रकमेतून वटाव कापून आजचे पैसे हाती देत, तसंच हे. पुढे येणारी रक्कम आजच्या किमतीत आणायची आणि त्यातून घातलेलं भांडवल वजा करायचं. इथलं ‘निव्वळ’ या वजाबाकीचं आहे, ‘निव्वळ थापा’मधलं नव्हे.

आता समजा, नागपूरच्या कळमना बाजाराजवळ एकच गाळा वर्षभरासाठी मिळतोय. त्यात संत्र्यांची प्रतवारी करून क्रेट भरायचे, तर खर्च १० लाख आणि वर्षाअखेर हाती १३ लाख. किंवा शीतगृहाची सोय करून लाल मिरची ठेवायची, तर ४० लाख घालून ४९ लाख. संत्र्याचा अंतर्गत दर ३० टक्के, मिरचीचा साडेबावीस. संत्रा जिंकला म्हणायचं का?

पैसा १२ टक्क्यांनी मिळतो असं धरा. १३ लाखांना १.१२ ने भागलं की आजचे सुमारे ११.६१ लाख, १० वजा जाता उरले १.६१ लाख. ४९ लाखांचे आजचे ४३.७५, ४० वजा जाता ३.७५ लाख. मिरचीत दुपटीहून जास्त उरतात!

गोम ‘टक्के’ या शब्दातच आहे. शेकडा तीस हे कळलं, पण शेकडे किती, ते दर सांगतच नाही. म्हणून मी वरच्या ३० लाखांकडे बघतो. मिरचीसाठी जादा घातलेले हे ३० लाख ३६ लाख आणतात, म्हणजे २० टक्के. पैसा २० टक्क्यांहून स्वस्त असेल तर मिरची, त्याहून महाग पण ३० टक्क्यांच्या आत असेल तर संत्रा. बरोबर २० टक्क्यांवर दोन्हींचं निव्वळ मूल्य सारखंच, साधारण ८३ हजार येतं, करून बघा.

तेव्हा एकच निवडायचा असेल तर निव्वळ वर्तमान मूल्याचं ऐका. अर्थात ४० लाख उभे करता येत असतील तरच. दहाच लाख जमत असतील तर मिरचीचा पर्याय मुळात तुमच्यासमोर नाहीच.

माझ्या मते ‘प्रकल्पाचा स्वतःचा दर’ असं म्हटलं असतं तर निम्मा घोळ झाला नसता.