तबलावादक कर्मचाऱ्याचा सहा दिवसांचा दौरा: सीएल, ईएल आणि मानधन

प्रश्न : मी पुण्यात केंद्र सरकारच्या कार्यालयात लिपिक आहे आणि तबल्याची साथ करतो. डिसेंबरमध्ये एका गायिकेबरोबर शनिवारी बेळगाव, रविवारी धारवाड आणि मंगळवारी पणजी असे कार्यक्रम आहेत. शुक्रवारी निघून बुधवारी रात्री परत येईन. विशेष नैमित्तिक रजा मिळेल का? मानधन घेतले तर अडचण येईल का?

उत्तर : मी बरीच वर्षे आस्थापना शाखेत रजेचीच प्रकरणे हाताळली आणि स्वतः हार्मोनियमची साथही केली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला परिचित आहेत. विशेष नैमित्तिक रजेचा विचार आपण सोडून द्यावा. सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी ती रजा असते हे खरे, परंतु ती सरकारच्या वतीने भरवलेल्या आंतरराज्य किंवा अखिल भारतीय स्वरूपाच्या कार्यक्रमांत आपण कार्यालयातर्फे भाग घेत असाल तर मिळते. खाजगी संगीत मंडळाच्या निमंत्रणाला ती लागू होत नाही, मग मंडळ कितीही जुने व नामांकित असो.

आता राहिल्या सीएल म्हणजे नैमित्तिक रजा आणि ईएल म्हणजे अर्जित रजा. आपले कार्यालय पाच दिवसांच्या आठवड्याचे असेल, तर शुक्रवार, सोमवार, मंगळवार आणि बुधवार असे कामाचे चारच दिवस बुडतात. नैमित्तिक रजेत मधले शनिवार-रविवार मोजले जात नाहीत, म्हणून वर्षाच्या आठ सीएलपैकी चार खर्ची पडतील. हाच काळ अर्जित रजेवर काढला, तर मधली सुट्टीही रजेतच धरली जाते आणि खात्यातून सहा दिवस वजा होतात. शिवाय सीएल ३१ डिसेंबरला संपते, ईएल मात्र साठत राहते. तेव्हा चार सीएल शिल्लक असतील तर त्याच वापरणे शहाणपणाचे.

शिल्लक दोनच असतील, तर बहुतेक जण एक चूक हमखास करतात: शुक्रवार आणि सोमवारची सीएल टाकून मंगळवार-बुधवारसाठी ईएल मागतात. ईएलसारख्या नियमित रजेला सीएल जोडता येत नाही, त्यामुळे असा अर्ज लेखा शाखेतून परत येतो, आणि तोही बरेचदा आपण परगावी असताना. अशा वेळी शुक्रवार ते बुधवार सरळ सहा दिवसांची ईएल मागावी. कोणतीही रजा घेतली तरी अर्जात मुख्यालय सोडण्याची परवानगी स्वतंत्र वाक्यात मागावी आणि दौऱ्यातील पत्ता व फोन क्रमांक द्यावा. अनेकांच्या मते सीएल मंजूर झाली की गाव सोडायला मोकळीक मिळते, पण तसे नाही.

मानधनाचा मुद्दा रजेपेक्षा नाजूक आहे, कारण रजा मंजूर होणे म्हणजे मानधन घेण्याची मंजुरी नव्हे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ प्रमाणे साहित्य, कला किंवा विज्ञानविषयक प्रासंगिक काम पूर्वपरवानगीशिवाय करता येते. मात्र सरकारी कामाला त्याची झळ लागू नये, आणि सरकारने सांगितल्यास ते थांबवावे लागते. परंतु त्याच नियमात, खाजगी किंवा सार्वजनिक संस्थेकडून त्या कामाचा मोबदला स्वीकारण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागेल, असेही म्हटले आहे. म्हणून दोन अर्ज करावेत. एक रजेचा, आणि दुसरा मानधनाचा, ज्यात तिन्ही मंडळांची नावे, तारखा आणि प्रत्येकी ठरलेली रक्कम असेल. प्रवास व निवासाचा खर्च आयोजक करणार असतील तर तो मानधनापासून वेगळा दाखवावा. मंजुरीपत्रात काही रक्कम सरकारजमा करण्याची अट येऊ शकते, तेव्हा ते पत्र हाती येईपर्यंत आयोजकांकडून आगाऊ रक्कम घेऊ नये. मानधन रोखीत घेऊन गप्प बसण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. पण मंडळाने आपल्या पॅनवर टीडीएस कापला की ती नोंद आयकर विवरणात दिसतेच. महिन्याला चार-पाच कार्यक्रम होऊ लागले, तर त्यांना ‘प्रासंगिक’ म्हणणे कठीण जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

आजारपणाची रजा टाकून तर जाऊच नये. आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने कंबरदुखीचे प्रमाणपत्र दिले होते. त्याच आठवड्यात अधिकाऱ्यांच्या घरी एका मैफलीची छापील निमंत्रणपत्रिका पोहोचली, आणि तिच्यावर ‘तबला’ या शब्दापुढे त्याचेच नाव होते. खुलासा लिहिताना त्याचा हात अक्षरशः थरथरत होता, आणि वैद्यकीय रजेचे ते दिवस नियमित करून घेण्यात पुढचे पाच महिने गेले.

धारवाडला अचानक आणखी एका कार्यक्रमाची गळ घातली जाणे नवीन नाही. गुरुवारही लागणार असेल, तर रजा संपण्यापूर्वीच, म्हणजे बुधवारी कार्यालय सुटण्याआधी, ईमेलने मुदतवाढ मागावी. सीएलवर असाल आणि पाचवी सीएल शिल्लक असेल तर प्रश्नच नाही. ती नसेल, तर एका दिवसाची ईएल जोडता येणार नाही. शुक्रवारपासूनचे सातही दिवस अर्जित रजेत बदलून देण्याची विनंती त्याच ईमेलमध्ये करावी.