गणपतीचा खर्च कोणत्या पगारातून?

पगार ७ तारखेला आणि भाडे ५ तारखेला असेल, तर भाडे आधीच्या पगारातूनच बाजूला काढून ठेवा. खरी ओढाताण वार्षिक खर्चाची होते. आपल्या कोकणात गणपतीला १२,००० रुपये लागत असतील, तर दरमहा १,००० हा हिशेब पहिल्या वर्षी चुकतो, कारण जूनमध्ये सुरुवात केल्यास जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीनच पगार भरवशाचे असतात, म्हणजे दरमहा ४,००० काढावे लागतात. सप्टेंबरचा पगार धरू नका. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. (तो धरून मी एकदा मखर उधारीवर आणले.) कौले शाकारण्याचे पैसे मात्र मे महिन्यातच लागतात, त्यामुळे ती रक्कम गणपतीच्या पैशांत मिसळू नका.