एकच वस्तू तीनदा शोधायला लावा

प्रश्न: चौथीच्या मुलांना नाम, विशेषण, क्रियापद वर्गातच शोधाशोधीचा खेळ घेऊन शिकवायचंय. व्याख्या पाठ आहेत पण ओळखता येत नाहीत. कसं घेऊ?

मी सोलापुरात पूर्व भागात चौथीला शिकवते, वर्गात निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलणारी, दोनचार कन्नड. हा खेळ मी बरीच वर्षं घेतेय आणि पहिल्या वेळी जे चुकलं ते आधी सांगते कारण बहुतेकांचं तिथंच चुकतं. मी तिन्ही एकदम शोधायला सांगितले. पोरं सुटली वर्गभर, आणि शेवटी बघते तर लाल बादलीवर दोन चिठ्ठ्या, एकीवर ‘बादली’ एकीवर ‘लाल’, आणि दारावर ‘दार’ आणि ‘उघडणे’. सगळंच वस्तूला चिकटलेलं. मग विचारलं यातलं नाम कुठलं, तर अर्धा वर्ग म्हणाला दोन्ही, कारण त्यांच्या हिशेबानं जे सापडलं ते नाम. त्यांची चूक नव्हती, खेळच तसा मांडला होता मी.

तेव्हापासून मी तीन दिवस घेते, रोज एक तास, आणि वस्तू त्याच ठेवते. पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट, चिठ्ठ्यांचे तीन रंग, पिवळी नामाला, हिरवी विशेषणाला, गुलाबी क्रियापदाला. घोटीव कागद परवडत नसेल तर जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाला खडूनं कडा रंगवल्या तरी चालतं, चिकटवायला घरची खळ बास आहे.

पहिल्या दिवशी फक्त नाम. पण ‘वर्गातल्या दहा वस्तू लिहा’ असं सांगू नका, ते त्यांना बालवाडीपासून येतंय. मी कोडी देते. पोटात पाणी असतं पण तहान आपली भागवतो (माठ), अंग झिजवून लिहितो (खडू). आणि दोन कोडी मुद्दाम अशी ठेवते की ज्यांच्या उत्तरावर चिठ्ठी चिकटवताच येणार नाही, त्यातलं एक, मधल्या सुट्टीत येतो आणि मी ‘गप्प’ म्हटलं की जातो, म्हणजे गोंगाट. मग पोरं चिठ्ठी हातात घेऊन फिरत राहतात, बाई कुठं चिकटवू? तिथं थांबा. नाम हात लावता येईल असंच असतं हा समज तिथंच मोडतो. खात्री करायला एक कसोटी देते, शब्दाला ‘ला’ किंवा ‘त’ लावून बघा, माठाला, माठात, गोंगाटात. लागला की बहुधा नाम. बहुधाच म्हणते कारण ‘मोठ्याला’ पण म्हणतो आपण, पण चौथीला एवढ्यावर काम भागतं.

दुसरा दिवस मला सगळ्यात जास्त आवडतो. पिवळ्या चिठ्ठ्या जागेवरच असतात, आता प्रत्येकीच्या डाव्या बाजूला हिरवी लावायची. नियम एकच, हिरवी चिठ्ठी एकटी कुठंच लावायची नाही, पिवळीला चिकटूनच. एवढ्या नियमानं बादलीचा घोळ सुटतो, ‘लाल’ एकटा उभाच राहत नाही, लाल काय? बादली. आणि मग चिठ्ठ्या हलवायला लावायच्या. एका गटानं फळ्यावर ‘मोठा’ लावलेलं, मी म्हटलं तीच काढून खिडकीला लावा. लावली. वाचा मोठ्यानं. ‘मोठा खिडकी’. वर्ग हसला, आणि एका पोरीनं पळत येऊन काना खोडून वेलांटी दिली. मग कपाटाला ‘मोठं’. मग ‘लाल’ची चिठ्ठी हलवली, लाल बादली, लाल डस्टर, लाल झाकण, ती काही बदलेना. तेव्हा पोरांनीच सांगितलं की शेवटी ‘आ’ असला तर बदलतंय बाई, नसला तर नाही. मी फक्त काळा-काळी-काळं आणि गोल-गोल-गोल असं फळ्यावर लिहिलं.

तेलुगू घरच्या मुलांना इथं जास्त वेळ द्या. सोलापूरची चादर घरात मागावर रोज बघणारं पोर ‘मोठा चादर’ म्हणतं, त्याला विशेषण कळलेलं असतं, फक्त चादर ‘ती’ आहे हे माहीत नसतं. म्हणून पिवळ्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात तो, ती, ते आधीच लिहून घेते. त्यावर विशेषणाचे मार्क कापू नका.

आणि एक, ‘कसा?’ विचारून मिळतं ते विशेषण असं शिकवू नका. कसा पळतो? जोरात. झालं, ‘जोरात’ हिरव्या चिठ्ठीवर. ‘कसा फळा? कशी खिडकी?’ असं नाम धरूनच विचारायचं.

तिसऱ्या दिवशी क्रियापद, आणि इथं शोधायचं नाही, टिपायचं. गटातला एकजण बघ्या, बाकीचे गप्प बसून वर्गात काय काय घडतंय ते ऐकतात बघतात, बघ्या गुलाबी चिठ्ठीवर पूर्ण वाक्याच्या शेवटचा शब्द लिहितो. ‘पळणे, उघडणे’ लिहायला बंदी, कारण ‘पळणे चांगले’ म्हटलं की तेच नाम होऊन बसतं. पंखा फिरतो, माठ पाझरतो, दार करकरतं. आमची मुलं ‘पंखा फिरायलाय’ लिहितात, मी ते तसंच ठेवते, ते क्रियापदच आहे, पुस्तकातलं रूप ‘फिरत आहे’ शेजारी लिहून देते. मग काल आणि उद्या लावायचं, काल फिरला, उद्या फिरेल. जो शब्द काल-उद्यानं बदलला तो गुलाबी.

मागच्या वर्षी एक गट कपाटापाशी अडकला. ‘बाई हे काहीच करत नाही.’ मी म्हटलं त्याच्याबद्दल एक वाक्य सांगा. ‘जुनं कपाट कोपऱ्यात आहे.’ आता शेवटचा शब्द हातानं झाका. ‘जुनं कपाट कोपऱ्यात...’ आणि पोरं माझ्याकडे बघत राहिली, पुढं काय म्हणून. तो झाकलेला ‘आहे’ गुलाबी. काल काय होतं? ‘होतं’. उद्या? ‘असेल’. करणं म्हणजेच क्रियापद असं धरून बसलेली पोरं इथं सुटतात, आणि हे सगळ्यांना दाखवायला पाच मिनिटं ठेवाच.

शेवटी भिंतीवर हिरवी-पिवळी-गुलाबी ओळीनं वाक्यं तयार असतात, जुना पंखा फिरतो, थंड माठ पाझरतो. चौथ्या दिवशी चिठ्ठ्या काढून वर्गाबाहेरचं वाक्य द्या, मी ‘आई बारीक विड्या वळते’ देते, इथं बऱ्याच घरांत ते रोज चालतं, ओळखलं की समजायचं जमलं. नुसतं वर्गातल्याच वस्तूंवर जमत असेल तर त्यांनी चिठ्ठ्यांच्या जागा पाठ केल्यात.

एक तयारी ठेवा, कुणीतरी ‘खेळ’ घेऊन येतंच. मला एकानं विचारलं, बाई खेळ पिवळा का गुलाबी? मी दोन वाक्यं लिहिली, ‘हा खेळ सोपा आहे’ आणि ‘तू अंगणात खेळ’. तो थोडा वेळ बघत राहिला, मग दोन्ही रंगांच्या चिठ्ठ्या मागून घेऊन गेला.